विलीनीकरणाची स्कीम: कर्मचाऱ्याने त्यातून नेमकं काय काढून घ्यावं

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसले होते. समोर एक फोरमन, हातात कंपनीने वाटलेल्या स्कीमची झेरॉक्स. शहाण्णव पानं, सगळी इंग्रजीत. त्यांनी एका ओळीखाली निळ्या पेनाने दोनदा रेघ मारली होती. ओळीत तारीख होती, १ एप्रिल २०२४. त्यांनी विचारलं, "मॅडम, स्कीम एक एप्रिलपासून लागू असं लिहिलंय. मग गेलं दीड वर्ष मी कुणाच्या नोकरीत आहे? माझी जुनी सोळा वर्षं गेली का?"

मी कंपनी सेक्रेटरी आहे, फोर्टमधल्या एका ऑफिसात विलीनीकरणाची कामं करते. त्या झेरॉक्ससोबत वाटलेला एका पानाचा सारांश माझ्याच हातचा होता. त्यात मी लिहिलं होतं, "विलीनीकरण १ एप्रिल २०२४ पासून लागू". कायद्याच्या दृष्टीने वाक्य बरोबर होतं, पण वाचणाऱ्याला ते चुकीच्या ठिकाणी घेऊन गेलं. तेव्हापासून मी असा सारांश वेगळ्या पद्धतीने लिहिते. ती पद्धत इथे त्याच कारखान्याच्या उदाहरणावर मांडते. आकडे आणि तारखा मी बदलल्या आहेत, हिशेबाची रीत तीच आहे.

स्कीम म्हणजे विलीनीकरणाचा तो दस्तऐवज, ज्याला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, मंजुरी देतं. मुंबईचं खंडपीठ कफ परेडला आहे. कंपनी कायदा २०१३ मधली २३० ते २३२ ही कलमं याच प्रक्रियेची. दस्तऐवजाचा बराचसा भाग मालमत्ता, कर्ज, कोर्टातले खटले, परवाने आणि हिशेबाच्या नोंदी यांचा असतो. कर्मचाऱ्याच्या कामाची कलमं तीनच: शेअर कोणत्या प्रमाणात मिळतील, कोणत्या तारखेला काय होईल आणि नोकरी कोणत्या अटींवर पुढे जाईल. ती शेजारीशेजारी नसतात. तारखा सुरुवातीच्या व्याख्यांत असतात, कर्मचाऱ्यांचं कलम मध्ये कुठेतरी आणि शेअरचं प्रमाण बरंच मागे. म्हणून पहिल्या पानापासून वाचत गेलेला माणूस तिसऱ्या पानावर तारीख वाचतो आणि तिथेच घाबरतो.

वाचायला घेण्याआधी एक गोष्ट तपासायची. हातातली प्रत स्कीमवर मत द्यायला बोलावलेल्या शेअरधारकांच्या सभेच्या नोटिशीसोबत आलेली आहे, की न्यायाधिकरणाच्या आदेशाला जोडलेली? मधल्या काळात हरकती येतात, सरकारी खाती शेरे मारतात आणि मजकूर बदलू शकतो. सारांश शेवटी मंजूर प्रतीवरूनच करायचा. नोटिशीच्या प्रतीचा एक फायदा मात्र आहे. तिच्यासोबतच्या स्पष्टीकरणपत्रात विलीनीकरणाचा कर्मचाऱ्यांवर काय परिणाम होईल हे नियमाने सांगावंच लागतं. तो परिच्छेद छोटा असतो, पण स्कीममधलं कलम समजायला उपयोगी पडतो.

आता शेअरचं प्रमाण. आमच्या फोरमनकडे कंपनीचे १५० शेअर होते, काही वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांना दिलेल्या इश्यूमधले. स्कीममध्ये प्रमाण होतं ३:७. हा आकडा नुसता असा लिहिला की घोटाळा होतो. तीन कुणाचे आणि सात कुणाचे? उलटं वाचलं तर १५० चे ३५० होतात आणि माणूस आनंदाने घरी जातो. म्हणून सारांशात कोलनचं चिन्ह वापरायचंच नाही, पूर्ण वाक्य लिहायचं: "जुन्या कंपनीचे ७ शेअर असतील, तर त्यांच्या बदल्यात नव्या कंपनीचे ३ शेअर मिळतील." मुंबईतल्याच एका जाहीर उदाहरणाने ही दिशा लक्षात राहते. एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत विलीन झाली तेव्हा एचडीएफसीच्या २ रुपये दर्शनी किमतीच्या २५ शेअरमागे बँकेचे १ रुपया दर्शनी किमतीचे ४२ शेअर मिळाले. तिथे संख्या वाढली, आमच्याकडे घटली.

संख्या घटली की लगेच लुबाडल्यासारखं वाटतं, म्हणून सारांशात पुढचा हिशेब हवाच. १५० ला ७ ने भागून ३ ने गुणलं की ६४.२८ येतात. म्हणजे १५० जाऊन ६४ हातात येणार. आता बाजारभाव बघा. जुन्या कंपनीचा शेअर ३०० रुपयांना आणि नव्या कंपनीचा ७०० रुपयांना आहे असं धरू. १५० गुणिले ३०० म्हणजे ४५,००० रुपये. ६४.२८ गुणिले ७०० म्हणजेही साधारण ४५,०००च. नोटा मोठ्या झाल्या म्हणून संख्येने कमी झाल्या, इतकाच फरक. मूल्य बरोबर धरलंय का, हा वेगळा प्रश्न आहे. तो नोंदणीकृत मूल्यांककाच्या अहवालात पाहायचा असतो, शेअरच्या संख्येत नाही. आणि भाव रोज बदलतो, त्यामुळे प्रमाण ठरलं त्या दिवशीची बरोबरी शेअर हातात पडेल त्या दिवशी तशीच असेल असं नाही. हेही सारांशात एका ओळीत लिहावं.

उरलेल्या ०.२८ शेअरचं काय? बहुतेक स्कीममध्ये असे सगळ्यांचे तुकडे एकत्र करतात, एका ट्रस्टीमार्फत बाजारात विकतात आणि खर्च वजा जाता ज्याचे त्याला पैसे देतात. म्हणजे फोरमनच्या खात्यात ६४ शेअर आणि दोनशेच्या आसपास रुपये येतील. काही स्कीममध्ये मात्र तुकडा पूर्णांकात धरतात. या एका ओळीसाठी ते कलम शेवटपर्यंत वाचायचं.

ज्यांच्याकडे ईसॉप आहेत, म्हणजे अजून न घेतलेले शेअर घेण्याचे हक्क आहेत, त्यांच्यासाठी हाच हिशेब दोन बाजूंनी करावा लागतो. समजा कुणाकडे १,००० हक्क आहेत आणि प्रत्येक शेअर २१० रुपयांना घ्यायचा आहे. प्रमाण लागल्यावर हक्क ४२८ होतील, आणि किंमत ३ ऐवजी ७ च्या बाजूने फिरून २१० गुणिले ७ भागिले ३, म्हणजे ४९० रुपये होईल. आधी एकूण २,१०,००० भरायचे होते, आता २,०९,७२०. संख्या घटवली पण किंमत वाढवली नाही, किंवा किंमत वाढवली पण संख्या तशीच ठेवली, तर सारांशात काहीतरी चुकलंय हे लगेच ओळखता येतं. एवढ्यावर थांबायचं नाही. हक्क पक्के होण्यासाठी जुन्या कंपनीत घालवलेली वर्षं नव्या कंपनीत धरली जाणार का, हे स्कीममध्ये स्पष्ट शब्दांत आहे का, तेही पाहायचं.

आणि ज्यांच्याकडे ना शेअर आहेत ना ईसॉप, त्यांना सारांशात सरळ सांगावं: हे कलम तुमच्यासाठी नाही. कारखान्यातल्या बहुतेकांना शेअरच्या प्रमाणाचा पगाराशी काही संबंध आहे असं वाटत होतं. "तीनास सात म्हणजे सातातले तीनच लोक ठेवणार," अशी अफवा कँटीनमध्ये पसरली होती. नव्या कंपनीने जुनीचे सगळे शेअर आधीच घेतलेले असतील, तर कुणालाच नवे शेअर मिळत नाहीत. जुने शेअर फक्त रद्द होतात आणि प्रमाणाच्या कलमात तसंच लिहिलेलं असतं.

आता तारखा. माझी चूक इथेच झाली होती, म्हणून यावर जास्त वेळ घालवते.

स्कीममध्ये एक असते अपॉइंटेड डेट आणि दुसरी इफेक्टिव्ह डेट. मराठीत दोन्हींना "लागू तारीख" म्हटलं जातं आणि घोळ होतो. कायदाही या घोळात थोडी भर घालतो. कलम २३२(६) म्हणतं की स्कीममध्ये अपॉइंटेड डेट स्पष्ट लिहिलेली हवी आणि स्कीम त्या तारखेपासून लागू झाली असं मानलं जाईल. पण यातला "मानलं जाईल" हा शब्द महत्त्वाचा. ही हिशेबाची तारीख आहे. त्या दिवसापासून जुन्या कंपनीचा नफा-तोटा, येणं-देणं नव्या कंपनीच्या नावावर धरलं जातं. जुनी कंपनी मधल्या काळात धंदा चालू ठेवते, बिलं फाडते, पगार देते, पण ते सगळं नव्या कंपनीच्या वतीने केलं असं समजलं जातं. आमच्याकडे ही तारीख होती १ एप्रिल २०२४, कारण वर्षाचा ताळेबंद तिथून सुरू होतो.

इफेक्टिव्ह डेट म्हणजे प्रत्यक्षात दार उघडण्याचा दिवस. ही तारीख स्कीममध्ये सहसा छापलेली सापडत नाही आणि सापडणारही नाही, कारण स्कीम लिहिताना ती कुणालाच माहीत नसते. तिथे अट लिहिलेली असते. साधारण ती अशी असते: मंजुरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत दोन्ही कंपन्यांनी कंपनी निबंधकाकडे, म्हणजे आरओसीकडे, दाखल केली की त्यातली शेवटची प्रत ज्या दिवशी दाखल झाली ती इफेक्टिव्ह डेट. आमच्या उदाहरणात घटनाक्रम असा होता. न्यायाधिकरणाचा आदेश १४ नोव्हेंबर २०२५ ला झाला. प्रमाणित प्रत हातात आली ८ डिसेंबरला. प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत आयएनसी-२८ हा फॉर्म भरून ती दाखल करावी लागते, म्हणजे ७ जानेवारीपर्यंत मुदत होती. दोन्ही कंपन्यांनी १ जानेवारी २०२६ ला दाखल केली. मग इफेक्टिव्ह डेट १ जानेवारी २०२६. आदेशाची तारीख ती नव्हे, प्रत मिळाली ती तारीखही नव्हे.

म्हणजे अपॉइंटेड आणि इफेक्टिव्ह डेटमध्ये एकवीस महिन्यांचं अंतर पडलं. या एकवीस महिन्यांत फोरमन जुन्याच कंपनीच्या नोकरीत होते. त्यांच्या पगारपत्रकावर जुनंच नाव होतं आणि ते बरोबरच होतं. कर्मचाऱ्यांच्या कलमात लिहिलेलं असतं, "इफेक्टिव्ह डेटला जे सेवेत असतील ते सगळे कर्मचारी". हे शब्द शोधायचे आणि त्यांखाली रेघ मारायची. २० डिसेंबरला राजीनामा देऊन गेलेला माणूस नव्या कंपनीचा कर्मचारी होत नाही. पण त्याचं राहिलेलं देणं बुडत नाही. जुन्या कंपनीची सगळी देणी विलीनीकरणात नव्या कंपनीकडे जातात, त्यामुळे थकलेला पगार किंवा ग्रॅच्युइटी तो नव्या कंपनीकडे मागू शकतो.

शेअरवाल्यांसाठी आणखी एक तारीख असते, रेकॉर्ड डेट. त्या दिवशी ज्याच्या डिमॅट खात्यात जुना शेअर असेल त्याला नवा मिळतो. ती सहसा इफेक्टिव्ह डेटनंतरची असते. एचडीएफसीच्या विलीनीकरणात इफेक्टिव्ह डेट होती १ जुलै २०२३ आणि रेकॉर्ड डेट १३ जुलै २०२३. काही स्कीममध्ये अपॉइंटेड आणि इफेक्टिव्ह डेट एकच ठेवतात. तसं असेल तर सारांश सोपा होतो, पण ते गृहीत धरायचं नाही. व्याख्यांचं पान उघडून बघायचं.

म्हणून आता मी सारांशात "लागू" हा शब्दच लिहीत नाही. असं लिहिते: "१ एप्रिल २०२४ ही हिशेबाची तारीख आहे. तुमच्या नोकरीशी तिचा संबंध नाही. न्यायाधिकरणाचा आदेश आरओसीकडे दाखल होईल त्या दिवशी तुम्ही नव्या कंपनीचे कर्मचारी व्हाल. तो दिवस ठरला की वेगळी नोटीस लावू. तोपर्यंत पगार, रजा, हजेरी सगळं आहे तसंच." फोरमनना हीच वाक्यं हवी होती.

उरलं नोकरीचं कलम. यात तीन गोष्टी सापडल्या पाहिजेत. सेवा खंडित होणार नाही, अटी आधीपेक्षा कमी फायद्याच्या नसतील, आणि पुढे कपात झाली तर नुकसानभरपाई जुनी-नवी सेवा एकत्र धरून मिळेल. हे तीन मुद्दे कंपनीच्या मेहरबानीने येत नाहीत. औद्योगिक विवाद कायद्यातल्या २५ एफएफ या कलमात ते होते आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हाच नियम आहे. तीनही अटी पाळल्या तर मालक बदलला म्हणून कामगाराला भरपाई द्यावी लागत नाही. एखादी मोडली तर द्यावी लागते. म्हणून तिसरी ओळ स्कीममध्ये नसेल, तर युनियनने ती सभेच्या आधी लेखी मागून घ्यावी. कायद्याचं हे संरक्षण कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. मॅनेजरला स्कीममधलं कलम आणि त्याचं नेमणूकपत्र हाच आधार, म्हणून त्याने ते दोन्ही जास्त बारकाईने वाचावं.

सेवा खंडित न होण्याची किंमत पैशात काढून दाखवली की सगळ्यांना पटते. फोरमन १६ जून २००८ ला लागले आणि ३० जून २०३१ ला निवृत्त होणार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ५२,००० रुपये धरू. ग्रॅच्युइटीचं सूत्र असं:

शेवटचा पगार × १५ ÷ २६ × सेवेची वर्षं

५२,००० ला १५ ने गुणून २६ ने भागलं की वर्षाला ३०,००० येतात. सेवा २००८ पासून धरली तर २३ वर्षं, म्हणजे ६,९०,००० रुपये. कुणी सेवा १ जानेवारी २०२६ पासून नव्याने मोजली तर साडेपाच वर्षं होतात. सहा महिन्यांपेक्षा जास्त भाग असेल तरच तो पूर्ण वर्ष धरला जातो, बरोबर सहा महिने नाही, म्हणून पाचच वर्षं धरली जातील आणि हातात १,५०,००० येतील. एका ओळीचा फरक ५,४०,००० रुपये.

अशी चूक स्कीममध्ये क्वचित होते. ती होते नंतर, कागदपत्रं फिरतात तेव्हा. जुन्या कंपनीचा राजीनामा आणि नव्या कंपनीचं नेमणूकपत्र असा जोड कागद सहीसाठी येतो. न्यायाधिकरणाच्या आदेशाने नोकरी आपोआप पुढे जात असेल तर राजीनाम्याची गरज नसते. राजीनाम्यावर सही म्हणजे आपल्याच हाताने सेवेत खंड पाडणं. तसंच ग्रॅच्युइटी "आता सेटल करून टाकू" म्हणून कुणी चेक पुढे केला, तर तो पूर्ण सेवेचा आहे का आणि पुढची मोजणी कुठून, हे लेखी विचारल्याशिवाय घेऊ नये.

अटी कमी फायद्याच्या नसतील, हे स्कीममध्ये "नो लेस फेवरेबल" अशा शब्दांत लिहिलेलं असतं. त्या शब्दांची मर्यादाही सारांशात सांगायला हवी. ते शब्द इफेक्टिव्ह डेटच्या दिवशीच्या अटींबद्दल बोलतात. पुढच्या वर्षी मेडिक्लेमची योजना बदलणार नाही, बदली ठाण्याला होणार नाही, पदाचं नाव तेच राहील, दोन वर्षांनी कपात होणार नाही, यातलं काहीही त्या शब्दांत बसत नाही. बसची सोय, कँटीनचं अनुदान, दिवाळीचा बोनस यांसारख्या गोष्टी करारात असतील तर त्या सोबत जातात. फक्त रिवाजाने चालत आलेल्या असतील तर युनियनने त्यांची यादी करून दोन्ही कंपन्यांकडून सही घेणं चांगलं. प्रॉव्हिडंट फंड कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टमध्ये असेल, तर त्याची शिल्लक कुठे जाणार हेही याच कलमात शोधायचं. यूएएन नंबर तोच राहतो.

आणि ज्यांच्याबद्दल सारांशात कुणीच लिहीत नाही ते कंत्राटी कामगार. त्या कारखान्याच्या पॅकिंगमध्ये सगळे कंत्राटदाराचे लोक होते. स्कीममधल्या "कर्मचारी" या शब्दात ते येत नाहीत. नव्या कंपनीकडे जातो तो कंत्राटदाराशी झालेला करार, त्यांची नोकरी नव्हे. त्यांच्यासाठी मी एक वेगळी ओळ लिहिते: तुमचा मालक बदलत नाही, कंत्राटाची मुदत कधी संपते ते कंत्राटदाराला विचारा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फोरमननी मला फोन केला. नव्या कंपनीचं पत्र आलं होतं, एचआरचा ठरावीक साचा. त्यात "रुजू होण्याची तारीख: १ जानेवारी २०२६" आणि खाली सहा महिन्यांचं प्रोबेशन. त्यांनी सही केली नव्हती. स्कीमचं कर्मचाऱ्यांचं कलम आणि माझा सुधारलेला सारांश जोडून त्यांनी पत्र परत पाठवलं. आठ दिवसांनी दुसरं आलं. त्यात प्रोबेशनची ओळ नव्हती आणि तारखेच्या रकान्यात लिहिलं होतं: सेवेत रुजू १६ जून २००८, या कंपनीकडे वर्ग १ जानेवारी २०२६.